लास्ट किती?

“खालचा पंचाण्णवला गेला. माझा एक पाचला का नाही जाणार?”

कोथरूडमधल्या एका १९९८च्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात बसून काकांनी हे विचारलं, तेव्हा माझ्या बॅगेत त्या खालच्या फ्लॅटच्या इंडेक्स टूची प्रत होती. मोबदल्याच्या रकान्यात ८४ लाख लिहिलेले. मी ती लगेच बाहेर काढली नाही. विकणारा माणूस शेजाऱ्यांना नेहमी सांगायची किंमत सांगतो, सुटायची सांगत नाही. मग तीच किंमत जिन्याजिन्यानं चढते आणि पुढच्या विकणाऱ्याच्या डोक्यात पक्की होते. आपल्या धंद्यातला निम्मा वेळ हा आकडा खाली उतरवण्यात जातो, आणि तो उतरवायला वाक्चातुर्याचा उपयोग नसतो, कागदाचा असतो. या महिन्यात त्या एका फ्लॅटचा हिशेब मांडतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे हलवले आहेत आणि बेरजा सोप्या जाव्यात म्हणून आकडे गोल केले आहेत. रीत मात्र तीच आहे.

फ्लॅट टू बीएचके. चार मजली इमारत, लिफ्ट आहे, एक झाकलेलं पार्किंग, स्वयंपाकघर मूळचंच. टेपनं मोजलेला कार्पेट ६४० चौरस फूट. ‘टेपनं मोजलेला’ हे मुद्दाम लिहितो, कारण पहिली चूक इथेच होते. इंडेक्स टूवर क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं आणि रेराच्या आधीच्या इमारतींच्या करारांमध्ये ते बहुतेक वेळा बिल्टअप असतं. खालच्या फ्लॅटच्या कागदावर ७१.३५ चौ. मी. होतं. माझ्याच ऑफिसातल्या मुलानं १०.७६४नं गुणून ७६८ फूट काढले, ८४ लाखांना त्यानं भागलं आणि “अकरा हजारालासुद्धा नाही गेला, काका” असं सांगायला निघाला. दोन्ही फ्लॅट एकाखाली एक, एकाच नकाशाचे. खालचाही कार्पेट ६४०च, म्हणजे दर १३,१२५. बिल्टअप आणि कार्पेट यांची सरमिसळ झाली की वीस टक्क्यांची चूक पहिल्याच ओळीत होते, आणि पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं. करारात ‘सेलेबल’ लिहिलं असेल तर आणखी वाईट, कारण त्याचं लोडिंग प्रत्येक बिल्डरनं आपापल्या मर्जीनं धरलेलं असतं. सगळे दाखले कार्पेटवर आणल्याशिवाय एकही भागाकार करू नये.

आता दाखले कुठून आणायचे? पोर्टलवरून नाही. पोर्टलवर काय मागतात ते दिसतं, काय मिळालं ते दिसत नाही. काकांच्या गल्लीत त्या आठवड्यात सारख्याच आकाराच्या फ्लॅटच्या जाहिराती एक कोटी दोनपासून एक पंधरापर्यंत होत्या. त्यातल्या दोन मी वर्षभर बघतो आहे. वर्षभर लागलेली जाहिरात म्हणजे ती किंमत कोणालाही मान्य नाही याचा रोजचा पुरावा.

दाखला मिळतो तो नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर. तिथे इमारतीच्या नावानं शोधलं तर निम्मे दस्त हातून सुटतात. सर्व्हे नंबर, हिस्सा, सिटी सर्व्हे नंबर आणि फ्लॅट क्रमांक, असं आलटून पालटून शोधावं लागतं, कारण जुन्या दस्तात एक पद्धत असते आणि नव्यात दुसरी. काकांची सोसायटी आणि आसपासच्या पाच-सहा सोसायट्या मिळून मागच्या बारा महिन्यांत अकरा दस्त सापडले. ऐकायला भरपूर वाटतात. त्यातली दोन बक्षीसपत्रं होती. एक व्यवहार भावाभावांतला, आडनावावरून लक्षात आला. एक नव्या इमारतीतली बिल्डरची पहिली विक्री. दोन दस्त मागच्या सोसायटीतले, आणि तिथे ७९(अ)ची प्रक्रिया होऊन डेव्हलपर ठरलेला आहे. ते सहाही बाजूला ठेवले. उरलेल्या पाचांत दोन वन बीएचके. लहान फ्लॅटचा चौरस फुटाचा दर नेहमी चढा दिसतो, कारण तिथे घेणारा फूट मोजत नाही, एकूण रक्कम परवडते का ते बघतो. तेही काढले. राहिले तीन.

रीडेव्हलपमेंटवाल्या दोन दस्तांबद्दल थोडं थांबतो, कारण कोथरूड, एरंडवणे, प्रभात रोड या सगळ्या जुन्या पट्ट्यात सध्या हाच मोठा चकवा आहे. डेव्हलपर नेमला गेला की त्या सोसायटीतला जुना फ्लॅट घेणारा माणूस तो फ्लॅट घेतच नाही. तो दोन-तीन वर्षांनी मिळणारा वाढीव क्षेत्राचा नवा फ्लॅट घेतो, मधलं भाडं घेतो आणि मधली जोखीमही घेतो. त्या दराला शेजारच्या, अजून ठरावही न झालेल्या सोसायटीत गुणायचं म्हणजे गाभण म्हशीचा भाव भाकड म्हशीला लावण्यासारखं आहे. काकांच्या सोसायटीत नुसती चर्चा आहे. चर्चा चौदा वर्षांपासून आहे. तिचे पैसे लावता येत नाहीत.

इथे आपल्यातला कोणीतरी म्हणणारच, “इंडेक्सवरचा आकडा पांढरा असतो हो, खरा वेगळा.” असतो कधीकधी. त्याची एक खूण त्याच कागदावर असते. इंडेक्स टूवर मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि यातला बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरनं निघालेलं मूल्य. मोबदला जर रेकनरला अगदी चिकटून असेल, म्हणजे रेकनर ६६ लाख ४८ हजार आणि मोबदला ६६ लाख ५० हजार, तर त्या दस्तावर मी विश्वास ठेवत नाही. तो दाखल्यांतून काढून टाकतो. त्यात मनानं दहा लाख घालून ‘खरा’ आकडा तयार करत बसत नाही. आपल्या खालच्या फ्लॅटचा रेकनर ६६ लाख ४८ हजार होता आणि मोबदला ८४ लाख. शिवाय घेणाऱ्यानं बँकेचं कर्ज काढलेलं. असा आकडा बहुधा खरा असतो. एक शक्यता मात्र तपासून घ्यावी. काही व्यवहारांत फर्निचरचा वेगळा करारनामा होतो आणि त्याचे तीन-चार लाख इंडेक्सवर येत नाहीत. ज्या एजंटनं तो व्यवहार केला त्याला फोन लावला की कळतं. आपण एकमेकांना अशी माहिती द्यायला कचरतो. देत जा. उद्या फोन तुम्हालाच करावा लागणार आहे.

तर तीन दाखले. पहिला खालचाच फ्लॅट, ८४ लाख, आठ महिन्यांपूर्वी नोंदलेला. दुसरा शेजारच्या १९९६च्या सोसायटीतला, चौथा मजला, लिफ्ट नाही, उघडं पार्किंग, ६१० फूट, साडेबहात्तर लाख, तीन महिन्यांपूर्वीचा. तिसरा मागच्या गल्लीतला, २००३ची इमारत, लिफ्ट आणि झाकलेलं पार्किंग, ६९० फूट, ९७ लाख, पाच महिन्यांपूर्वीचा. चौरस फुटाला अनुक्रमे १३,१२५, ११,८८५ आणि १४,०५८. यांची सरासरी काढून ६४०नं गुणणारे लोक मला भेटतात. उत्तर अगदी जवळपास बरोबरही येईल, पण तो योगायोग असेल. काकांनी एक प्रश्न विचारला तर उत्तर देता येणार नाही.

प्रत्येक दाखल्याला विचारायचा प्रश्न एकच: हा फ्लॅट काकांच्या फ्लॅटसारखा असता आणि आज विकला असता, तर कितीला गेला असता?

आधी ‘आज’चं बघू. इंडेक्सवरची तारीख नोंदणीची. टोकन त्याआधी दीड-दोन महिने घेतलेलं असतं, मग कर्ज मंजूर होतं, सोसायटीची एनओसी येते, मग हवेलीच्या कुठल्यातरी कार्यालयात नंबर लागतो. आठ महिन्यांपूर्वीचा दस्त म्हणजे दहा महिन्यांपूर्वी ठरलेला भाव. त्या दहा महिन्यांत बाजार किती हलला? वर्तमानपत्रातली शहराची टक्केवारी इथे निरुपयोगी आहे. त्याच सोसायटीत, खालच्या फ्लॅटच्या सोळा महिने आधी, तसाच एक फ्लॅट ७९ लाखांना नोंदला गेला होता. ७९चे ८४ झाले, म्हणजे पाच लाख वाढ, असं पटकन वाटतं. पण खालच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि दोन्ही बाथरूम नवी केलेली होती. मालकाचा खर्च पाच लाख झाला होता, बाजार त्याचे दोन देतो. कारण घेणाऱ्याला टाइल्स स्वतःच्याच आवडीच्या हव्या असतात. म्हणजे खरी वाढ ७९वरून ८२, सोळा महिन्यांत तीन लाख, महिन्याला पाव टक्क्याच्या आसपास. दहा महिन्यांचे दोन लाख धरले. पहिला दाखला असा झाला: ८४ मधून नूतनीकरणाचे दोन वजा, काळाचे दोन अधिक, परत ८४.

दुसऱ्याचा दर ६४०ला लावला तर ७६ लाख होतात. काळाचा एक लाख. उघड्या पार्किंगऐवजी झाकलेलं, त्याचे अडीच. लिफ्ट नसलेला चौथा मजला, त्याचे पाच. हे पाच कुठून आणले? त्याच बिनलिफ्टच्या सोसायटीत पहिल्या आणि चौथ्या मजल्याचे आधीचे दस्त शेजारी ठेवून. एकूण साडेचौऱ्याऐंशी. तिसऱ्याचे ६४०ला ९० लाख, काळाचे दीड अधिक, आणि पाच वर्षं नवी इमारत व बरा नकाशा यांचे पाच वजा. साडेशहाऐंशी.

८४, साडेचौऱ्याऐंशी, साडेशहाऐंशी. यातल्या कोणावर जास्त भिस्त ठेवायची, तर ज्याला सगळ्यात कमी हात लावावा लागला त्यावर. पहिल्यात अधिक-उणे मिळून चार लाखांची हलवाहलव झाली, दुसऱ्यात साडेआठांची. अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून दाखला चांगला वाटतो, पण प्रत्येक दुरुस्ती हा एक अंदाज असतो आणि अंदाज एकमेकांना खात नाहीत, साठत जातात. मी ८५ धरले. काकांचा फ्लॅट आज, कर्जवाल्या गिऱ्हाइकाला, ८५च्या आसपास सुटेल.

काकांना हे सगळं एका कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, खालच्या फ्लॅटच्या इंडेक्सवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “तो म्हणाला होता पंचाण्णव.” मी गप्प राहिलो. मग म्हणाले, “बरं. पण सांगताना तरी एक कोटी सांगू. लोक पाडूनच मागतात.”

हा खरा मुद्दा. पाडून मागतात हे बरोबर आहे, पण किती पाडून, हे आपल्या वहीत लिहिलेलं असतं. माझ्याकडे प्रत्येक व्यवहाराला चार आकडे असतात: पहिल्या दिवशी सांगितलेली किंमत, पहिली ऑफर, शेवटचा भाव, आणि मध्ये गेलेले आठवडे. ज्यांनी ही वही ठेवलेली नाही त्यांनी आजपासून ठेवावी, कारण हा आकडा दुसऱ्याकडून उसना घेता येत नाही. हडपसरचा वेगळा, कोथरूडचा वेगळा. आमच्या पट्ट्यात, नीट किंमत लावलेल्या जुन्या टू बीएचकेला पहिली ऑफर आठ ते दहा टक्के खाली येते आणि व्यवहार मागणीच्या चार-पाच टक्के खाली मिटतो. यात काही गूढ नाही. दोन्ही बाजू शेवटी “मधलं कुठंतरी करा” वर येतात, आणि मधलं म्हणजे मागणी आणि पहिली ऑफर यांच्या मधलं. म्हणून गणित उलटं करायचं. ८५ हा मध्य हवा असेल तर मागणी ८९. त्यावर ऑफर येईल ऐंशी-एक्याऐंशीची, आणि मध्य बसेल ८५च्या जवळ.

एक कोटी सांगितले तर मध्य नव्वदवर येईल, असं काकांचं म्हणणं. येत नाही, कारण ऐंशी-पंच्याऐंशीचं गिऱ्हाईक एक कोटीच्या घराला फोनच करत नाही. त्यानं पोर्टलवर नव्वदपर्यंतची चाळणी लावलेली असते. फोन करतो तो एक कोटीचं बजेट असलेला, आणि तो त्याच दिवशी २००८च्या इमारतीतले फ्लॅट बघून आलेला असतो. त्याच्या नजरेला काकांचं स्वयंपाकघर पडतं आणि तो भावावर बोलतही नाही. नव्वदच्या आत राहायचं म्हणून ८९. ९१ सांगितले असते तर दोन लाखांच्या हावेपायी अर्धं गिऱ्हाईक चाळणीबाहेर गेलं असतं.

दुसरी वेस बँकेची. कर्ज तीस लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, त्यावर ७५ टक्के. ८५च्या व्यवहारात कर्ज ६८, पदरचे १७, पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के म्हणजे पाच लाख ९५ हजार, नोंदणीचे तीस हजार. गिऱ्हाइकाकडे सव्वातेवीस लाख रोख जमवलेले हवेत, आपली दलाली आणि सोसायटीचं हस्तांतरण शुल्क वेगळं. आणि बँक करारातली रक्कम व व्हॅल्युअरचं मूल्यांकन यांतली कमी असेल ती धरते. व्हॅल्युअरही तेच इंडेक्स बघतो जे आपण पाहिले. समजा कोणी भावनेच्या भरात ९२ला तयार झाला आणि व्हॅल्युअरनं ८५ लिहिले, तर वरचे सातच्या सात लाख त्याला खिशातून घालावे लागतात, आणि टोकननंतर महिन्याभरानं व्यवहार मोडतो. इमारत जुनी असली की व्हॅल्युअर तिचं उरलेलं आयुष्यही लिहितो आणि कर्जाची मुदत आखडते. घासाघीस कोणाशी करायची ते ठरवताना हा तिसरा माणूस मोजून ठेवा, तो चहाला येत नाही.

काका ८९ला राजी झाले. त्याच बैठकीत एक चिठ्ठी लिहून घेतली: ८३च्या खाली नाही, ताबा दिवाळीनंतर, कपाटं आणि जेवणाचं टेबल देता येईल. तळ आधी लिहून घेतला की गिऱ्हाइकासमोर मालकाकडे बघत बसावं लागत नाही. आणि पैशांशिवाय सोडण्यासारखं काय आहे हे माहीत असलं की शेवटच्या लाखाला ते उपयोगी पडतं. जाहिरातीत ‘निगोशिएबल’ लिहिलं नाही. ‘स्लाइटली निगोशिएबल’ तर मुळीच नाही. ते लिहिणं म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधीच स्वतःशी एक फेरी हरणं.

पहिल्या आठवड्यात एकही फोन नाही. खटकलं. शोधल्यावर कळलं की काकांनी मधल्या काळात आणखी एका एजंटला सांगून ठेवलं होतं आणि त्यानं तोच फ्लॅट, त्याच फोटोंसह, ९५ला टाकला होता. एकाच घराच्या दोन किमती दिसल्या की घेणारा स्वस्तवाल्याला फोन करील असं वाटतं. तो कोणालाच करत नाही. काहीतरी गडबड आहे म्हणून पुढे सरकतो. ती जाहिरात उतरवली आणि दोन आठवड्यांत नऊ जण बघून गेले.

या तीन आठवड्यांत काय होतं त्यावरून किंमत बरोबर आहे का ते कळतं. फोनच आले नाहीत तर किंमत चाळणीच्या बाहेर आहे. बघून जातात आणि ऑफर देत नाहीत, तर चार-पाच टक्क्यांनी जास्त आहे किंवा घरात काहीतरी आहे जे आपण दाखल्यांत धरलेलं नाही. काकांच्या शेजारी गच्चीवर मोबाईल टॉवर असता तर हेच झालं असतं. आणि तीन-चार ऑफर एकाच आकड्याभोवती आल्या, समजा सगळ्या ७८-७९, तर दाखले आपलेच चुकलेत, बाजाराला दोष देऊ नये. उतरवायची तर एकदाच, दिसेल इतकी. दर पंधरवड्याला पन्नास हजार कमी करणाऱ्या घराकडे गिऱ्हाईक सेल लागायची वाट बघावी तसं बघत राहतं.

नऊपैकी तिघांनी ऑफर दिली: ७९, ८०, ८१. एक्याऐंशीवाल्याला काका म्हणाले ८८. तो साडेब्याऐंशीवर आला, काका ८६. तिथे दोघंही अडले. कपाटं, जेवणाचं टेबल आणि दिवाळीऐवजी दसऱ्याला ताबा एवढं काकांनी सोडलं, आणि ८५ला हात मिळवले. उठता उठता गिऱ्हाइकानं सवयीनं विचारलंच, “काका, लास्ट किती?” काका म्हणाले, “आता झालं की हो.” व्हॅल्युअरनं ८५ मान्य केले.

दस्त दोन महिन्यांनी नोंदला गेला. परवा त्याच सोसायटीतल्या पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला. त्यांना विकायचा आहे. म्हणाल्या, “तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा नव्वदला गेला ना? त्यांनीच सांगितलं.”